कोड माझा, शेतकरी त्याचे. मग अ‍ॅप कोणाचं?

प्रश्न : मी पुण्यात आयटी कंपनीत नोकरी करतो. माझ्या आतेभावाची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. दीड वर्षापूर्वी त्याच्या सांगण्यावरून मी फवारणीच्या नोंदींचं एक अ‍ॅप बनवलं, वर्षाला ४९९ रुपये वर्गणी. सुरुवातीला 'मिळालं तर वाटून घेऊ' एवढंच बोलणं झालं होतं. कोडची ओळ न् ओळ माझी आहे. दादाने फक्त 'वरची तारीख काढ, छाटणीचा दिवस टाक' असल्या सूचना दिल्या आणि गावोगाव फिरला. पहिल्या हंगामात ७० जणांनी पैसे भरले, दुसऱ्या हंगामात ५७०. प्ले स्टोअरचं खातं माझ्या नावावर आहे, पैसे माझ्या बँकेत येतात, करही मीच भरतो. एका द्राक्ष गटाने मात्र ६०,००० रुपयांचा चेक दादाच्या नावाने दिला. गेल्या महिन्यात एका स्थानिक पेपरात 'शेतकरीपुत्राने बनवले अ‍ॅप' अशी बातमी आली. फोटो त्याचा, माझं नाव कुठेच नाही. वर तो आता निम्मे पैसे मागतोय. माझ्या मते ७०-३० व्हायला हवं. आत्या आणि बाबा एकमेकांशी नीट बोलत नाहीत. त्याचा अ‍ॅडमिन प्रवेश बंद करावा, असं मनात येतं. काय करू?

उत्तर : प्रवेश बंद करू नका. अ‍ॅप स्टोअरवरून उतरवूही नका. ज्याच्या हातात खातं आहे त्याने रागाच्या भरात पहिलं पाऊल टाकलं, की पुढची सगळी चर्चा त्या पावलाबद्दल होते. हिशोब मागे पडतो. शिवाय तुमची विक्री ऑक्टोबर छाटणीच्या आसपासच होणार. ते चार-सहा आठवडे भांडणात गेले, तर वाटायला वर्षभराचे पैसेच उरणार नाहीत.

आता तुमच्या पत्रातल्या 'फक्त' या शब्दाकडे वळू. तारीख काढून छाटणीचा दिवस टाकणं ही सूचना दिसते एका ओळीची, पण द्राक्ष बागायतदार तारखेत विचार करतच नाही. तो म्हणतो, 'माझा बेचाळिसावा दिवस चाललाय.' डाऊनी या बुरशीच्या रोगाची भीती कधी, घड द्रावणात बुडवायचं डिपिंग कधी, कोणतं औषध आता चालेल आणि कोणतं चालणार नाही, हे सगळं तो छाटणीपासूनच्या दिवसांवर मोजतो. दोन प्लॉटची छाटणी आठ दिवसांच्या अंतराने झाली असेल, तर एकाच तारखेला त्या दोन प्लॉटचे दिवस वेगळे असतात. तारखेवर चालणारं अ‍ॅप त्याच्यासाठी डायरीपेक्षा अवघड ठरतं. तसंच औषधाच्या मात्रेचं. लेबलवर ती लिटरला किंवा हेक्टरला दिलेली असते आणि शेतकऱ्यापुढे ६०० लिटर टाकीचा फवारणीचा ब्लोअर उभा असतो. ही कसरत तुमच्या अ‍ॅपमध्ये कोणी सोडवली, हे आठवून बघा. ७० वरून ५७० ची उडी नुसत्या कोडने मारली नसावी, इतकं तुमचे आकडेच सांगतात.

याचा अर्थ दादाचं सगळं बरोबर, असाही नाही. 'कल्पना माझी' असं तो म्हणत असेल, तर कायदा त्याच्या बाजूने फारसा उभा राहत नाही. कॉपीराइट कल्पनेला मिळत नाही, ती ज्या रूपात मांडली त्या रूपाला मिळतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्रॅम साहित्यकृतीत धरला आहे आणि लिहिणारा हा त्याचा पहिला मालक. तेव्हा कोड तुमचा. पण अ‍ॅपमध्ये रोग-किडींची मराठी वर्णनं, सूचनांची वाक्यं, औषधांच्या टिपा दादाने लिहिल्या असतील, तर त्याच न्यायाने ते लेखन त्याचं. तो उद्या मजकूर घेऊन बाहेर पडला, तर तुमच्याकडे चालू कोड असलेलं रिकामं अ‍ॅप उरेल.

'कोड माझा' हे तुमचंही वाक्य एकदा तपासायला हवं. तुम्ही नोकरीत आहात. नोकरीच्या कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या गोष्टीचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारी कंपनी असते. रात्री घरच्या लॅपटॉपवर लिहिलेला कोड सहसा यात बसत नाही, पण नेमणूक पत्रातली कलमं पुष्कळदा यापेक्षा बरीच रुंद असतात. ते पत्र काढा आणि तीन गोष्टी शोधा : नोकरीबाहेरचा व्यवसाय करायला लेखी परवानगी लागते का, नोकरीच्या काळात बनवलेल्या सगळ्यावर कंपनी हक्क सांगते का, आणि कंपनीचं यंत्र किंवा सॉफ्टवेअर वापरल्यास काय होतं. परवानगी लागत असेल तर ती दादाशी कागद करण्याआधी मागा. वाद कोर्टापर्यंत जाऊन हे कलम तिथे वर आलं, तर दोघांचाही तोटा होईल.

मला पत्रात खटकली ती निराळीच गोष्ट. तुम्ही ७०-३० म्हणता, दादा ५०-५० म्हणतो, आणि हे दोन आकडे नेमक्या कशाचे ते दोघांपैकी कोणीच सांगत नाही. मागच्या पैशाचे? पुढच्या? अ‍ॅपच्या मालकीचे? की रात्री जागून केलेल्या कामाचे? एकाच टक्केवारीवर चार प्रश्नांचं ओझं टाकलंय. शेतात हे दोघांनाही कळतं. बागेत निम्मा हिस्सा असलेला भाऊ स्वतः छाटणीला उभा राहिला, तर त्याची मजुरी वेगळी धरतात आणि हिस्सा वेगळा. अ‍ॅपमध्ये मात्र हिस्सा, मजुरी आणि मान एकाच पोत्यात भरले आहेत.

म्हणून आधी मागचा हिशोब. त्यासाठी मी इथे आकडे धरून चालतो. तुमचे खरे आकडे असेच मांडा, एका कागदावर, दोघांच्याही हातून गेलेले सगळे पैसे घेऊन.

६४० वर्गण्या, प्रत्येकी ४९९, म्हणजे ३,१९,३६०. त्यातून गुगलचे १५ टक्के, ४७,९०४, वजा केले की तुमच्या बँकेत आले २,७१,४५६. दादाकडे आले ६०,०००. एकूण जमा ३,३१,४५६. खर्च बघू. तुमच्या खिशातून सर्व्हर १८ महिने, महिना २,१०० प्रमाणे ३७,८००. ओटीपीचे एसएमएस ९,६००. प्ले कन्सोलची एकदाच भरायची २५ डॉलरची नोंदणी, सुमारे २,१००. एकूण ४९,५००. दादाच्या खिशातून पेट्रोल महिना १,५०० प्रमाणे २७,०००, माहितीपत्रकं ६,५००, प्रदर्शनातला स्टॉल ८,०००. एकूण ४१,५००.

मग येतो कर, आणि यावरच सगळ्यात जास्त गैरसमज होतात. वर्गणीचे पैसे तुमच्या पॅनवर आले, म्हणून तुमचा खर्च वजा जाता २,२१,९५६ रुपये तुमच्या पगारावर चढले. तुम्ही ३० टक्क्यांच्या टप्प्यात असाल, तर उपकर धरून ३१.२ टक्के, म्हणजे सुमारे ६९,२५० रुपये कर त्यावर गेला. दादाला वाटतं तुमच्याकडे पावणेतीन लाख पडून आहेत. तुम्हाला वाटतं कर आपण भरला म्हणून उरलेलं आपलं. दोन्ही चूक. हा कर अ‍ॅपच्या कमाईवरचा आहे, तेव्हा तो दोघांच्या मिळून खर्चात धरायचा, पण चलन आणि विवरणपत्र दादाला दाखवून. जीएसटीचं तुमच्या सीएला विचारून घ्या, इथे तो धरलेला नाही.

तर तुमच्या हातात उरले १,५२,७०६ आणि दादाच्या हातात १८,५००. दोन्ही मिळून १,७१,२०६. एवढंच आहे वाटायला. अर्धं-अर्धं केलं तर प्रत्येकाला ८५,६०३, म्हणजे तुम्ही दादाला ६७,१०३ द्यायचे. ७०-३० केलं तर ३२,८६२ द्यायचे. तुमच्या आणि त्याच्या मागणीतला फरक ३४,२४१ रुपयांचा. आत्या आणि बाबांमधला अबोला या रकमेवर चालू आहे, हे कागदावर दिसलं की पुष्कळदा आवाज आपोआप खाली येतो. तुमचे खरे आकडे वेगळे असतील, पण फरक याच पटीतला निघण्याची शक्यता मोठी.

मागच्या पैशापुरतं माझं मत स्पष्ट आहे : अर्धं-अर्धं करा. भावकीचा मान राखायचा म्हणून मी हे म्हणत नाही. 'मिळालं तर वाटून घेऊ' असं ठरवून दोघांनी मिळून धंदा चालवला, तर १९३२ च्या भागीदारी कायद्याच्या नजरेत ती भागीदारी ठरू शकते, मग कागद असो वा नसो. आणि वाटणीचं प्रमाण ठरलेलं नसेल तेव्हा त्या कायद्याचं कलम १३ दोन गोष्टी सांगतं : नफा-तोटा समान वाटायचा, आणि धंद्यात राबल्याबद्दल कोणत्याही भागीदाराला वेगळा मेहनताना मागता येत नाही. हे दुसरं वाक्य कोड लिहिणाऱ्याला झोंबतं, पण ते दादालाही तितकंच लागू आहे. त्याच्या फेऱ्यांचं पेट्रोल खर्चात येईल, दिवस येणार नाहीत. काम सुरू करताना जे ठरलं नाही, ते काम झाल्यावर एकट्याने ठरवता येत नाही.

पैसे पाठवताना एक जपा. चुलत, आते, मामे भावंडं आपल्याकडे सख्ख्यासारखीच, पण आयकर कायद्यातल्या 'नातेवाईक' या यादीत ती नाहीत. मामाने भाच्याला रक्कम दिली तर ती करमुक्त भेट, मामेभावाने दिली तर नाही. वर्षभरात ५०,००० च्या वर रक्कम कागदाशिवाय गेली, तर ती घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरली जाऊ शकते. म्हणून 'भेट', 'उसने' असलं काही न लिहिता हिशोबाचा कागद दोघांच्या सहीने करा, बँकेतून पाठवा आणि तो व्यवहार कसा दाखवायचा ते आधी सीएकडून ठरवून घ्या. बाबांच्या खात्यातून फिरवून देण्याची शक्कल कोणीतरी सुचवेलच. ती टाळा, त्यात बाबा भांडणाचा पक्षकार होतात.

पुढच्या पैशाचं गणित मात्र निराळं करा. इथे तुमच्या तक्रारीत दम आहे. अँड्रॉइडची नवी आवृत्ती आली की अ‍ॅप सुधारावं लागतं, सर्व्हर पडला की रात्री उठावं लागतं, आणि हे काम नफ्याच्या टक्केवारीत नीट बसत नाही. तेव्हा आधी मेहनताना काढा, उरेल तो नफा वाटा. मेहनतान्याचा दर 'माझी कंपनी मला काय देते' यावर धरू नका, नाहीतर वाटायला काही उरणार नाही. कसोटी अशी : हे काम बाहेरच्या माणसाकडून करून घेतलं तर तो काय घेईल? समजा तुमचे महिन्याला २० तास, ५०० रुपयांनी, म्हणजे १०,०००. दादाचे शेतकऱ्यांचे फोन, गटांच्या बैठका आणि माहितीची पडताळणी मिळून ३० तास, २५० रुपयांनी, म्हणजे ७,५००. वर्षाला १,२०,००० आणि ९०,०००. खर्च वजा जाता वर्षाचे ५ लाख उरले, तर मेहनताना काढून २,९०,००० राहतात. ते निम्मे-निम्मे. तुम्हाला एकूण २,६५,०००, दादाला २,३५,०००.

यावर तुम्ही म्हणाल, हे तर ५३-४७ झालं, ७०-३० कुठे? बरोबर आहे. पण या पद्धतीत आकडा कामाबरोबर हलतो. एखाद्या हंगामात तुम्ही मोठी नवी सोय बांधली आणि २०० तास घातले, तर त्याचे पैसे नफ्याआधी तुम्हाला मिळतात. दादाने एखादं वर्ष फोन उचलणं सोडलं, तर त्याचा मेहनताना थांबतो, हिस्सा तसाच राहतो. तास मोजायला दोघांनाही दिसेल अशी एक साधी शीट ठेवा आणि दर रविवारी भरा. महिनाअखेरीला आठवून भरलेले तास नेहमी फुगलेले असतात. पैसे कमी आले तर मेहनताना त्याच प्रमाणात कमी करायचा, की बाकी ठेवून पुढे न्यायचा, हेही आताच लिहा. मी म्हणेन कमी करा. बाकी साचत गेली की दोन वर्षांनी तिचंच भांडण होतं.

मालकीचा हिस्साही एका दमात देऊन टाकू नका. दोघांचा ५० टक्के हिस्सा काम सुरू केल्यापासून ३६ महिन्यांत थोडा थोडा पक्का होत जाईल, असं ठरवा. १८ महिने झाले, म्हणजे आज प्रत्येकाचे २५ टक्के पक्के. दादाने उद्या बागेच्या कामामुळे हात काढला, तर २५ टक्के त्याचेच राहतील, उरलेले तुम्हाला. तुम्ही परदेशी गेलात आणि कोडकडे बघणं सोडलंत, तर उलट. हे कलम दोघांना सारखं लागू असल्यामुळे ते मांडताना कोणाचा अपमान होत नाही.

समान हिश्श्यात गाडं अडतं ते निर्णयापाशी. त्यावर साधा तोडगा : तांत्रिक बाबीत शेवटचा शब्द तुमचा, फवारणीच्या माहितीत दादाचा, १०,००० रुपयांवरचा खर्च आणि वर्गणीचा दर दोघांच्या संमतीने. एकमत झालं नाही, तर जुना दर चालू.

आता नावाचं. खरं तर पैशापेक्षा हेच जास्त दुखतंय, पत्राच्या सुरावरून कळतं. पेपरातल्या बातमीमागे दादाचा डाव असेल असं लगेच धरू नका. तालुक्याचा वार्ताहर समोर उभ्या असलेल्या माणसाशी बोलतो, फोटोही त्याचाच काढतो. दादाने तुमचं नाव सांगितलं असेल आणि जागेअभावी उडालं असेल, किंवा सांगितलंच नसेल. हा एकच प्रश्न त्याला सरळ विचारा. बातमी कापून घरच्या ग्रुपवर टाकून उत्तर मिळत नाही.

तुमच्याकडूनही एक राहिलंय. प्ले स्टोअरवर अ‍ॅपच्या नावाखाली 'डेव्हलपर' म्हणून काय दिसतं? खातं वैयक्तिक असेल, तर बहुधा तुमचंच नाव. अ‍ॅप उतरवून घेणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला दीड वर्ष एकच नाव दिसलं आणि पेपर वाचणाऱ्यांना एकदा दुसरं. दोघांच्या तक्रारी मापून पाहिल्या तर फार अंतर निघणार नाही.

श्रेय कामावार लिहा. अ‍ॅपच्या 'आमच्याबद्दल' या पानावर दोन ओळी पुरतात : 'संकल्पना, शेतीविषयक मजकूर आणि पडताळणी', पुढे दादाचं नाव, 'रचना आणि प्रोग्रॅमिंग', पुढे तुमचं. दोन्ही एकाच आकाराच्या अक्षरात. हाच मजकूर दोघांच्या फोनमध्ये तयार ठेवा आणि वार्ताहर असो, प्रदर्शनाचं पत्रक असो किंवा पुरस्काराचा अर्ज, बोलण्याआधी तो पाठवा. 'निर्माता', 'संस्थापक' हे शब्द एकट्याने कोणी वापरायचे नाहीत. कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ लेखकाला आपलं लेखकत्व सांगण्याचा हक्क देतं आणि तो मालकी दुसऱ्याला लिहून दिल्यावरही उरतो. म्हणजे पुढे कोड तुमच्या दोघांच्या फर्मच्या नावावर गेला, तरी तो तुम्ही लिहिला हे कोणी पुसू शकत नाही. दादाच्या मजकुरालाही हेच लागू.

'पडताळणी' हा शब्द मात्र दादाने नीट विचार करून घ्यावा. निर्यातीच्या बागेत शेवटच्या फवारणीपासून काढणीपर्यंत किती दिवस सोडायचे, हा आकडा अ‍ॅपमध्ये चुकला, तर मण्यात औषधाचा अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडतो आणि माल नाकारला जातो. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची शिफारस केलेल्या औषधांची यादी, बागायतदार जिला 'अ‍ॅनेक्श्चर फाइव्ह' म्हणतात, वेळोवेळी बदलते. ती बदलली की अ‍ॅपमध्ये कोणी, किती दिवसांत बदल करायचा? पडताळणीपुढे नाव लावणाऱ्याने प्रत्येक औषधासमोर 'यादीची आवृत्ती आणि तपासल्याची तारीख' भरायची, आणि तुम्ही ती तारीख शेतकऱ्याला पडद्यावर दाखवायची, असं करा. शेतकऱ्याचा संतापाचा फोन कोणाला जाणार, हेही यातून ठरतं.

हे सगळं झाल्यावर कागद. आज तुमच्याकडे दादाला अडवायला प्ले कन्सोल आहे, आणि दादाकडे तुम्हाला अडवायला शेतकऱ्यांना पाठ असलेला व्हॉट्सअ‍ॅप नंबर. दोन्ही चाव्या एकाच पेटीत याव्यात, एवढाच कागदाचा हेतू. पहिली यादी त्याचीच करा : प्ले कन्सोल, अ‍ॅपवर सही करायची अपलोड की आणि तिचा पासवर्ड, कोडचा साठा, सर्व्हर, डोमेन, व्हॉट्सअ‍ॅप नंबर, बँक खातं. प्रत्येकासमोर आज ते कोणाच्या नावावर आहे ते लिहा. दीड वर्षापूर्वीचं अ‍ॅप गुगलच्या 'प्ले अ‍ॅप सायनिंग' या सोयीवरच असतं, त्यामुळे हरवलेली अपलोड की खातेदाराला बदलून मिळते. तरी की एकाच लॅपटॉपवर असेल तर आजच तिची प्रत करा.

तुमच्या आकाराच्या धंद्याला नोंदणीकृत भागीदारी पुरेशी आहे. नोंदणी मात्र टाळू नका. नोंदणी नसलेल्या फर्मच्या भागीदाराला करारातला हक्क बजावून घ्यायला कोर्टात सहसा जाता येत नाही, कलम ६९ ची ती अट आहे. एलएलपी या भागीदारीच्या दुसऱ्या प्रकारात तुमची जबाबदारी मर्यादित राहते आणि चुकीच्या मात्रेची जोखीम पाहता तो विचार गैर नाही. पण कमाई असो वा नसो, दरवर्षी फॉर्म ११ आणि फॉर्म ८ भरावे लागतात. वर्षाचं उत्पन्न दहा लाखांकडे सरकेपर्यंत मी तरी भागीदारीवर थांबेन. काही झालं तरी फर्मचं पॅन आणि चालू खातं निघालं, की वर्गणी तिथे येईल आणि तुमच्या पगारावर चढणार नाही.

करारात एक ओळ हमखास राहते. कोड आणि मजकूर फर्मला दिला, एवढंच लिहून भागत नाही. कॉपीराइटचं हस्तांतर लेखी आणि सहीचं हवं. मुदत लिहिली नाही तर कायदा ती ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. म्हणून 'कायमस्वरूपी आणि जगभरासाठी' असं स्पष्ट लिहा. सोबत हेही : फर्म मोडली तर कोडची प्रत तुम्हाला, मजकुराची प्रत दादाला, आणि अ‍ॅपचं नाव वर्षभर कोणीच वापरायचं नाही.

प्ले स्टोअरवर फर्मच्या नावाने संस्थेचं खातं काढावं लागेल. त्याला डी-यू-एन-एस हा संस्थेचा ओळख क्रमांक लागतो आणि तो यायला वेळ जातो, म्हणून हे काम छाटणीच्या तोंडावर काढू नका. जुन्या खात्यातून नव्या खात्यात अ‍ॅप हलवता येतं. वापरकर्ते, रेटिंग, अभिप्राय आणि चालू वर्गण्या सोबत जातात. आधीच्या कमाईचे अहवाल जात नाहीत, म्हणून ते उतरवून ठेवा, मागच्या हिशोबाला लागतील. सर्व्हर आणि ओटीपीच्या सेवा आपोआप हलत नाहीत, त्या एकेक करून बदलाव्या लागतात.

या सगळ्याला वेळ लागेल, पण एक गोष्ट आज रात्री करता येते. प्ले कन्सोलमध्ये `Users and permissions` उघडा, दादाच्या ईमेलवर आमंत्रण पाठवा आणि त्याला `View financial data` ने सुरू होणारी परवानगी द्या. तो काहीच बदलू शकणार नाही, पण किती वर्गण्या आल्या ते रोज बघू शकेल. 'किती आले ते सांगत नाही' हा संशय असल्या भांडणात निम्मं काम करतो, आणि तो काढणं पूर्णपणे तुमच्या हातात आहे.

बैठकीला घरचं कोणी नको. आत्या नको, बाबा नको. दोघांना चालेल असा सीए किंवा वकील, दोन तास, त्याची फी निम्मी-निम्मी. पहिल्या बैठकीत फक्त मागचा हिशोब घ्या. टक्केवारी आणि नावाचा विषय दुसऱ्या बैठकीला, आठवड्याने. दादा अडून बसला आणि कागदच नको म्हणाला, तर मागच्या हिशोबाचे त्याचे पैसे तरी देऊन टाका आणि पुढचं लेखी ठरेपर्यंत नवीन सोयी बांधू नका. चालू सदस्यांनी पैसे भरलेले आहेत, त्यांच्यासाठी अ‍ॅप चालतं ठेवा.

दादाला पाठवायचा निरोप मी असा लिहीन, वाटल्यास शब्द बदला : 'दादा, प्ले स्टोअरचा हिशोब तुला दिसेल अशी सोय केली आहे, ईमेल बघ. माझ्याकडचे सगळे खर्च आणि कराचं चलन एका शीटमध्ये टाकलंय. तुझं पेट्रोल, स्टॉल, पत्रकं आणि गटाचा चेक तू त्यात भर. मागचे पैसे निम्मे-निम्मे करायला माझी तयारी आहे. पुढचं आणि नावांचं दोघं बसून कागदावर ठरवू. पेपरातल्या बातमीबद्दल मला वाईट वाटलंय, त्यावर समोरासमोर बोलू. येत्या रविवारी जमेल का?'